मामांच्या सरबतात स्टीव्हियाचे सहा थेंब

फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे पावणेदोन. मला सुट्टी होती, जेवायला बसणार तेवढ्यात मामीचा फोन, "अरे मामा घामाघूम झालेत, हात थरथरतायत, काय बोलतायत ते नीट कळंना, तू जरा ये." मामांचं घर विश्रामबागला, माझ्यापासून गाडीवर दहा मिनिटं. गेलो तर मामा सोफ्यावर, बनियन ओलंचिंब, चेहरा पांढरा, आणि समोर टीपॉयवर लिंबू सरबताचा अर्धा ग्लास. मामी म्हणाली सरबत दिलं की रे, चांगलं गोड करून दिलं, पंधरा मिनिटं झाली तरी काही फरक नाही. ग्लुकोमीटर लावला, आकडा आला ५४, म्हणजे शुगर खूपच उतरलेली.

मी विचारलं सरबतात काय घातलंस. म्हणाली, "ते थेंब. सहा थेंब घातले. साखर कशी घालणार, शुगर आहे ना त्यांना."

तिची चूक काढायला त्या वेळी वेळ नव्हता. मामा शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते (नसते तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं), म्हणून तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळली आणि पाजली. पंधरा मिनिटांनी ७२, आणखी एक चमचा दिला, परत पंधरा मिनिटांनी ९१, मग वरणभात खायला घातला. सव्वातीनला मामा विचारत होते की आज मॅच आहे का.

आता गंमत बघा. साखरेऐवजी गोडीला घालतात त्या स्टीव्हियानं शुगर वाढते का हा प्रश्न आमच्या घरात चार महिने चालू होता आणि त्याचं उत्तर त्या अर्ध्या ग्लासात होतं. शुगर ५४ असलेल्या माणसाला, ज्याच्या अंगाला गोडाची सगळ्यात जास्त गरज होती त्याला, सहा थेंब स्टीव्हिया दिलं आणि काहीही झालं नाही. पण मग त्याच मामांची शुगर दिवाळीनंतर स्टीव्हिया वापरतानाच का वाढली होती? मामीचं म्हणणं होतं स्टीव्हियानं शुगर वाढते, मामांचं म्हणणं होतं स्टीव्हियानं शुगर उतरते, उतरली की नाही बघ रविवारी. दोघांकडं पुरावा होता आणि दोघंही चुकीचे होते.

मी साखर कारखान्यात केमिस्ट आहे. म्हणजे सिझनला दिवसभर साखर मोजायची आणि घरी आलं की साखर किती वाईट ते ऐकायचं, हा माझा धंदा. त्यामुळं हे प्रकरण मी जरा कारखान्याच्या पद्धतीनं सोडवलं, आत काय गेलं, बाहेर काय आलं, मध्ये कुठं गळती.

मामांचं वय ६२, वजन ७० किलो, शुगर निघून नऊ वर्षं झाली. गोळ्या दोन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. दिवसाला पाच कप चहा, कमी नाही, प्रत्येकात दोन चमचे गोडी लागतेच. गेल्या गणपतीत मेडिकलमधून स्टीव्हियाच्या पुड्या आणल्या, एक ग्रॅमच्या, खोक्यावर हिरवं पान, एका कपाला दोन. तेव्हा एचबीएवनसी ७.४ होतं, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी बरी म्हणावी अशी. दिवाळीच्या आधी मामीनं हिशोब केला की दिवसाला दहा पुड्या परवडत नाहीत, आणि पुड्या फोडून करंजीचं सारण तर होणार नाही, म्हणून मोठा जार आणला. त्यावर पण स्टीव्हिया, पण पान, 'साखरेऐवजी चमच्याला चमचा वापरा', आणि मोठ्या अक्षरात 'ॲडेड शुगर ० ग्रॅम'. त्याचं सारण झालं, लाडू झाले, शिरा झाला आणि चहा पण त्याचाच सुरू झाला. जानेवारीत एचबीएवनसी ८.१. डॉक्टरांनी विचारलं काही बदललं का, मामा म्हणाले काहीच नाही, साखर तर बंदच आहे. खोटं बोलले नाहीत, त्यांना खरंच तसं वाटत होतं. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम केली. आणि पुढच्याच आठवड्यात पुण्याहून ताई आली, तिनं जार बघून नाक मुरडलं आणि थेंबांची बाटली दिली. जार बंद, थेंब सुरू. त्यानंतर पंधरा दिवसांत तो रविवार.

ह्या सगळ्यात स्टीव्हिया तिन्ही वेळा होतं. पुडीत, जारमध्ये, बाटलीत. नाव एकच, आतला माल तीन प्रकारचा.

त्यासाठी आधी एक साधा गुणाकार, नाहीतर भागाकार म्हणा. स्टीव्हियाच्या पानातली जी गोड द्रव्यं आहेत त्यांना स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड म्हणतात, त्यातली मुख्य दोन स्टीव्हिओसाइड आणि रेबॉडिओसाइड ए. शुद्ध केल्यावर ती साखरेच्या साधारण २०० ते ३०० पट गोड असतात. एक चमचा साखर पाच ग्रॅम धरली तर तेवढ्या गोडीला स्टीव्हिया किती लागेल? २५० नं भागा, २० मिलिग्रॅम. वीस मिलिग्रॅम म्हणजे मीठाचे थोडेसे कण, चिमटीत धरायचं म्हटलं तर धरता येत नाही. आता जो पदार्थ चमच्याला चमचा साखरेएवढा गोड आहे त्यात स्टीव्हिया वीस मिलिग्रॅम, मग बाकी चमचाभर काय आहे? हा प्रश्न विचारला की अर्धं प्रकरण तिथंच सुटतं. कंपनीला पण इलाज नाही, वीस मिलिग्रॅमची पुडी कोण विकत घेईल आणि कोण मोजेल, त्यामुळं काहीतरी भरीला घालावंच लागतं. काय घातलं त्यावर सगळं आहे.

मी तिन्ही वस्तू घरी आणून मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली, मोबाइलनं फोटो काढून मोठी करून. पुडीत पहिलं नाव डेक्स्ट्रोज, मग स्वीटनर ९६०. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, शुगर उतरल्यावर देतात तेच. ९६० हा स्टीव्हिऑल ग्लायकोसाइडचा नंबर. जारमध्ये पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, मग ९६०. बाटलीत पाणी, ९६० आणि टिकवायला प्रिझर्व्हेटिव्ह. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असतात, त्यामुळं स्टीव्हिया दुसऱ्या नंबरला आहे म्हणजे खोक्यावर पान कितीही मोठं असो, आत मुख्य माल दुसराच आहे.

माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे काय तर मका किंवा साबुदाण्याचा स्टार्च अर्धवट तोडलेला, ग्लुकोजच्या लहान साखळ्या. चवीला जवळजवळ फिकं, दिसायला पांढरं भुरभुरीत, आणि पोटात गेलं की फटाफट तुटून ग्लुकोज होतं, रक्तात चढायचा वेग ग्लुकोजच्या जवळपास. पण लेबलवर 'शुगर' ह्या ओळीत फक्त ग्लुकोज, फ्रुक्टोज, साखर, लॅक्टोज अशी एक किंवा दोन कड्यांची साखर मोजतात, त्याहून लांब साखळी असली की ती 'कार्बोहायड्रेट' च्या ओळीत जाते. म्हणून जारवर एकीकडं शुगर ० आणि दोन ओळी वर कार्बोहायड्रेट ९६ ग्रॅम, एनर्जी ३८४ किलोकॅलरी, दोन्ही एकाच वेळी खरं. मामीनं शुगरची ओळ वाचली होती. सगळेच तीच वाचतात.

तरी मला लेबलवर विसंबायचं नव्हतं, लॅब हाताशी आहे तर वापरू म्हटलं. आमच्याकडं मळीतली रिड्युसिंग शुगर काढायला फेहलिंगचं द्रावण रोजच लागतं, निळंशार असतं, ग्लुकोजबरोबर उकळलं की विटकरी लाल साका बसतो. पुडीचं पाणी घातलं, उकळी आली न आली तोच लाल. थेंबांचं पाणी घातलं, निळं ते निळंच, दोन मिनिटं उकळलं तरी निळं. जारचं पाणी घातलं तर जेमतेम हिरवट-तांबूस, आमचा लॅब असिस्टंट म्हणाला साहेब ह्यात पण काही नाही. मग ते थोडं आम्ल घालून गरम करून ठेवलं, साखळ्या तोडल्या, उदासीन केलं आणि परत फेहलिंगमध्ये घातलं, तेव्हा भडक लाल. पोटातली एंझाइम काही मिनिटांत जे करतात ते. हे घरी करायची कुणाला गरज नाही, पण मामांना त्या तीन टेस्टट्यूबचा फोटो दाखवला तेव्हा पहिल्यांदा ते गप्प बसले.

घरी ओळखायचं असेल तर त्याहून सोपं आहे, वस्तू चमच्यानं घेता येते का बघा. जी गोष्ट चमचाभर घालायची आहे ती स्टीव्हिया नाही, स्टीव्हिया लावलेलं काहीतरी आहे. मग ते काहीतरी कोणतं ते वाचा. डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, लॅक्टोज किंवा चक्क साखर असेल (साखर आणि स्टीव्हिया मिसळलेली पण मिळते, कॅलरी निम्म्या म्हणून) तर कॅलरी आहेत आणि शुगर वाढणार. एरिथ्रिटॉल असेल तर कॅलरी नगण्य आणि शुगर वाढत नाही, पण एरिथ्रिटॉल जास्त झालं तर काहींचं पोट फुगतं, आणि २०२३ मध्ये रक्तातलं एरिथ्रिटॉल आणि हार्टचा त्रास ह्यांचा संबंध दिसल्याचा एक अभ्यास आलाय, तो कारण सिद्ध करत नाही पण हार्टचा पेशंट असेल तर मी डबाभर वापरा असं म्हणणार नाही.

आता हिशोब. लॅबच्या काट्यावर मामीचा चमचा मोजला, जारची पावडर हलकी असल्यामुळं चमच्याला तीन ग्रॅम. पाच कप, दोन-दोन चमचे, दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे साधारण ११५ किलोकॅलरी आणि जवळपास तेवढंच, ३० ग्रॅम ग्लुकोज. त्यात दिवाळीचे लाडू आणि 'शुगरफ्री आहे, खा ओ' म्हणून दुप्पट खाल्लेला शिरा वेगळा, रवा आणि तूप तर त्यात होतंच. पुड्यांच्या वेळी दिवसाला दहा पुड्या म्हणजे दहा ग्रॅम डेक्स्ट्रोज, ४० किलोकॅलरी. हे पण शून्य नाही, पण जुन्या ५० ग्रॅम साखरेच्या मानानं बरंच कमी. आणि थेंबांत शून्यच म्हणा.

म्हणजे ७.४ वरून ८.१ एकट्या जारनं केलं असं मी शपथेवर सांगणार नाही, दिवाळीचा फराळ आणि थंडीत बंद पडलेलं आमराईतलं फिरणं पण त्यात आहे. पण रोज ३० ग्रॅम छुपं ग्लुकोज, ते पण सगळं चहातून, हा मोठा वाटा आहे. आणि खरी गोची पुढं झाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली ती जारच्या आकड्यावर. मग जार गेला, पण गोळी तेवढीच राहिली. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही खाल्लंय की नाही ते ती बघत नाही. रोजचे ३० ग्रॅम अचानक बंद, गोळी दुप्पट, त्या रविवारी मामा फिरून उशिरा आले आणि जेवण दीड वाजून गेला तरी झालं नव्हतं. ५४ येणारच होता.

मामांचं मात्र ठाम मत झालं होतं की थेंबांनी शुगर उतरवली. त्यांचे एक मित्र आहेत, मार्केट यार्डात हळदीचे अडते, त्यांनी सांगितलेलं की ही डायबेटिसची औषधी वनस्पती आहे, गोळ्या सुटतात. म्हणून मी म्हटलं मोजूनच बघू. डॉक्टरांना विचारून, गोळी परत १ मिलिग्रॅम झाल्यावर, मार्चमध्ये चार वेगवेगळ्या सकाळी, उपाशीपोटी, सकाळची गोळी नाश्त्याबरोबर असते ती तासभर पुढं ढकलून. एक ग्लास पाण्यात वस्तू, आणि मग अर्ध्या तासानं आणि एका तासानं बोट टोचायचं. मामा बोटं टोचून घ्यायला कुरकुरले पण उत्सुकता त्यांना पण होती.

पहिल्या दिवशी सहा थेंब. सुरुवात ११८, अर्ध्या तासानं १२२, तासानं ११६. दुसऱ्या दिवशी दोन पुड्या. १२१, १३०, १२३. इथं मामी लगेच म्हणाली बघ वाढली, तर तिला सांगितलं की हे मीटर पंधरा टक्के इकडंतिकडं दाखवू शकतं, एकाच बोटाला लागोपाठ दोनदा टोच, आकडा वेगळा येईल. तिनं टोचलं मामांना (त्यांना न विचारता), १२३ नंतर १३१ आला. त्यामुळं आठ-दहाच्या फरकावरून काही ठरवायचं नाही. दोन ग्रॅम ग्लुकोजनं थोडी वाढलीही असेल, पण ह्या मीटरला ती दिसणार नाही. तिसऱ्या दिवशी जारचे चार चमचे, १२ ग्रॅम. ११९, १६१, १५४. हे मीटरच्या चुकीत बसत नाही. आणि चौथ्या दिवशी मी मुद्दाम त्यांचा रोजचा चहा ठेवला, दुधाचा, सहा थेंब घालून, आणि बरोबर रोजच्या तीन खारी. १२०, १६४, १९३.

खारीचा आकडा बघून घरात शांतता. मैदा आहे तो, त्याला कुणी हिरवं पान लावलेलं नाही म्हणून त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. चहातल्या दुधात पण लॅक्टोज असतं, शंभर मिलीला पाचएक ग्रॅम, म्हणजे थेंब शून्य असले तरी चहा शून्य नाही.

एका माणसाच्या चार सकाळी म्हणजे काही शास्त्र नव्हे, ते मला कळतं. पण मोठ्या माणसांनी केलेल्या मोजमापाशी हे जुळतं. २००८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली होती, टाइप २ डायबेटिसच्या १२२ जणांवर, त्यातल्या निम्म्या जणांना रोज १००० मिलिग्रॅम रेबॉडिओसाइड ए सोळा आठवडे दिलं, बाकीच्यांना नुसतीच तशी दिसणारी कॅप्सूल, शेवटी एचबीएवनसीत काही फरक नाही. वाढलं नाही तसं उतरलं पण नाही. रोजचे १००० मिलिग्रॅम म्हणजे मामांच्या दहा चमच्यांच्या गोडीच्या पाचपट झालं, तरी. त्यामुळं हळदवाल्या मित्राचं म्हणणं मी सोडून दिलं. साखरेच्या जागी वापरलं तर साखर पोटात गेली नाही म्हणून शुगर कमी राहते, तो साखर न खाण्याचा फायदा आहे.

मग गोड लागून कॅलरी का नाही, हे मामीनं अगदी बरोबर विचारलं, गोड आहे म्हणजे काहीतरी असणारच ना. त्यात ग्लुकोज असतं, खरंच. ग्लायकोसाइड म्हणजे मधे स्टीव्हिऑल नावाचा सांगाडा आणि त्याला ग्लुकोजच्या कड्या चिकटलेल्या. पण आपली लहान आतड्यातली एंझाइम त्या कड्या तोडू शकत नाहीत, जीभ गोड ओळखते आणि माल तसाच खाली जातो. मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जंतू कड्या तोडतात, ते ग्लुकोज त्यांचं त्यांनाच पुरतं, उरलेला सांगाडा शोषला जातो, लिव्हर त्याला दुसरं टोपण लावून पाण्यात विरघळणारा करतं आणि लघवीतून बाहेर. आणि मुळात आहेच किती तर वीस मिलिग्रॅम. सगळं पचलं असतं तरी हिशोबात धरण्यासारखं नव्हतं.

आता नॅचरल. ह्यावर मामा आणि ताईचं फोनवर भांडण झालं होतं, ताई म्हणते प्रोसेस केलेलं आहे, मामा म्हणतात झाड आहे. झाड आहेच, मूळ पॅराग्वेचं, तिथले ग्वारानी लोक पान चघळत आणि त्यांच्या माटे नावाच्या काढ्यात घालत आले, आपल्याकडं पण नर्सरीत रोप मिळतं, मामांच्या शेजाऱ्यांनी कुंडीत लावलंय. वाळवलेलं पान साखरेपेक्षा दहा-पंधरा पट गोड, पण मागून ज्येष्ठमधासारखी कडसर चव, चहात घातलं तर चहा काढा होतो. पुडीत आणि बाटलीत मात्र पान नसतं. वाळलेली पानं गरम पाण्यात उकळतात, त्यातली घाण साका करून खाली बसवतात, गाळलेलं पाणी रेझिनच्या कॉलममधून सोडतात, रेझिनवर चिकटलेलं ग्लायकोसाइड अल्कोहोलनं धुऊन काढतात, मग स्फटिक करून वाळवतात. शेवटी ९५ टक्क्यांच्या वर शुद्ध पांढरी पावडर. आता मी ऊस घेतो, रस काढतो, चुना घालतो, गंधकाचा धूर सोडतो, घाण खाली बसवतो, आटवतो, पॅनमध्ये स्फटिक करतो, मशीनमध्ये गरगरवून मळी वेगळी करतो, पांढरी साखर बाहेर येते. दोन्ही कामं एकाच जातीची आहेत. स्टीव्हियाला नॅचरल म्हणायचं असेल तर माझी साखर पण नॅचरल आहे, आणि साखरेला केमिकल म्हणत असाल तर स्टीव्हियाला पण म्हणा. मला विचाराल तर गोड रेणू झाडानंच बनवलेला आहे, त्या अर्थानं तो नॅचरल आहे, सॅकरिनसारखा फॅक्टरीत जुळवलेला नाही. पण अलीकडं रेबॉडिओसाइड एम नावाचं जे कमी कडू मिळतं ते काही ठिकाणी यीस्टला साखर खायला घालून बनवतात, त्यात पानाचा संबंधच नाही, रेणू मात्र तोच. तेव्हा काय म्हणणार?

आणि गमतीची गोष्ट, परवानगी आहे ती ह्या शुद्ध केलेल्या पावडरीला. अमेरिकेत एफडीएनं शुद्ध ग्लायकोसाइडला २००८ पासून हरकत घेतली नाही पण पान किंवा पानाचा कच्चा अर्क स्वीटनर म्हणून विकायला मान्यता नाही, कारण त्यावर पुरेशी तपासणी झालेली नाही. युरोपनं शुद्धला २०११ मध्ये, आपल्या एफएसएसएआयनं २०१५ मध्ये परवानगी दिली. म्हणजे ज्याच्यावर जास्त प्रक्रिया तेच जास्त तपासलेलं. शेजाऱ्यांच्या कुंडीतलं एखादं पान चघळलं म्हणून काही होत नाही, पण त्याची पावडर करून डबा भरून डायबेटिसचं औषध म्हणून द्यायला लागलेत ते मी थांबवायला सांगितलं.

किती चालतं ह्याचा पण आकडा आहे. किलोमागे दिवसाला ४ मिलिग्रॅम, पण तो सांगाड्याच्या, म्हणजे स्टीव्हिऑलच्या हिशोबात आहे, ग्लायकोसाइडच्या वजनात धरला तर साधारण १२. मामांच्या ७० किलोला ८४० मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसेक चमचे साखरेच्या गोडीएवढं. मामांना तेवढा चहा प्यायचा तर रात्री उठून प्यावा लागेल. डब्ल्यूएचओनं २०२३ मध्ये वजन कमी करायला असली स्वीटनर वापरू नका असं सांगितलंय, त्यात स्टीव्हिया पण येतं, पण तो सल्ला आधीच डायबेटिस असलेल्यांसाठी नाही असं त्यातच लिहिलंय. ताईनं बातमीचा फक्त मथळा पाठवला होता.

डॉक्टरांकडं मी मामांबरोबर गेलो, तिन्ही वस्तू पिशवीत घालून. त्यांनी जारचं लेबल वाचलं, मामांकडं बघितलं आणि म्हणाले साखर बंद आहे म्हणालात ना. ग्लिमेपिराइड परत १ केली. आणि मामीला सांगितलं की शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, कमी असेल तर परत तेवढंच, नीट झाल्यावर जेवण. चॉकलेट नको, त्यातल्या तुपकटपणानं उशीर होतो. आणि ह्या गोळीचा असर लांब चालतो म्हणून त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवायचं, पुन्हा उतरू शकते. मामीनं विचारलं, मग शुगरवाल्याला साखर? डॉक्टर म्हणाले त्या वेळी ते शुगरवाले नसतात.

आता घरात थेंबांची बाटली आहे, चहापुरती. जार मामीनं टाकला नाही, पैसे दिलेत म्हणून, पण झाकणावर पेननं 'भाताएवढंच' असं लिहून ठेवलंय आणि तो नातू आला की वापरते. खारी तीनवरून एकवर आली, ती पण भांडून. एप्रिलच्या शेवटी एचबीएवनसी ७.३ आलं.

आणि मामांच्या शर्टाच्या खिशात एक प्लास्टिकची पुडी असते, पंधरा ग्रॅम साखर, आमच्या कारखान्याची, लॅबच्या काट्यावर मोजून मीच भरून दिलीय. फिरायला जाताना मामी आधी ती चाचपून बघते आणि मगच चपला घालू देते. परवा मामांनी मला हळूच विचारलं, ही फोडून चहात टाकली तर तुला कळणार कसं? मी म्हटलं पुडीवर तारीख घातलीय.